नव्वद सेकंदांत गुरुत्वीय लहर
(वर्गप्रकल्पासाठी एका ॲनिमेशनपटाची संहिता)

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथपासून जवळच, दुधाळा गावाच्या परिसरात, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्यानंतर या भागातल्या एका शाळेत बोलायला गेलो असता नववीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, ते यंत्र सुरू झालं की आमच्या शेतातला ट्रॅक्टर बंद ठेवावा लागेल का?" त्याच्या शेजारच्या मुलीला वेगळीच काळजी होती. यंत्रातून काही किरण बाहेर पडतील आणि पिकांना बाधा होईल, असे तिने गावात ऐकले होते.

दोन्ही प्रश्न अगदी योग्य होते. पण तासभर फळ्यावर आकृत्या काढूनही आमचे उत्तर मुलांपर्यंत नीट पोचले नाही. जी गोष्ट हलते, ती फळ्यावर हलत नाही, ही त्यातली मुख्य अडचण होती. तेव्हा शाळेच्या विज्ञानशिक्षिकेने सुचवले की, मुलांनीच यावर दीड मिनिटाचा ॲनिमेशनपट करावा आणि तो गावात दाखवावा. एक फोन, एक टेबल, कागद आणि ज्वारीचे दाणे एवढ्यावर तो झाला. त्याची संहिता येथे देत आहोत. मात्र तिच्याबरोबर तिच्यामागचे हिशेबही देत आहोत, कारण अशा चित्रपटात चुका होतात त्या चित्रकलेच्या नसतात, हिशेबाच्या असतात.

आधी वेळेचे गणित

टेबलावर मांडलेल्या वस्तू थोड्या थोड्या सरकवून प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यायचे आणि ती चित्रे भराभर एकामागोमाग दाखवायची, ही आपली पद्धत. सेकंदाला १२ चित्रे पुरतात. म्हणजे ९० सेकंदांना १,०८० चित्रे लागतील. हा आकडा ऐकून वर्ग गार पडतो. पण एकच चित्र पुन्हा पुन्हा वापरता येते, त्यामुळे प्रत्यक्षात काढायची छायाचित्रे शंभरच्या आसपासच राहतात. निवेदन सेकंदाला दोन शब्दांपेक्षा जास्त नको. मुले वेगाने वाचतात आणि ऐकणाऱ्याला चित्र पाहायला उसंत मिळत नाही.

छायाचित्रे काढताना फोन टेबलावर वरून खाली पाहणारा असा पक्का बांधावा. खिडकी बंद करून एकाच दिव्याचा उजेड ठेवावा. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात काम केले. दर ढगासरशी उजेड बदलला आणि चित्रपटभर पडदा लुकलुकत राहिला. ज्या चित्रपटात उजेडाचे कमीजास्त होणे हाच मुख्य मुद्दा आहे, त्यात हे चालण्यासारखे नव्हते.

दृश्य १ (१० सेकंद)

चित्र : महाराष्ट्राचा नकाशा. हिंगोलीवर हळदीचा ठिपका. ठिपक्यातून काटकोनात दोन सुतळ्या सरकत बाहेर येतात. प्रत्येकीवर '४ किलोमीटर' अशी चिठ्ठी.

निवेदन : "हा आपला जिल्हा. इथे एक कान तयार होणार आहे. त्याचे दोन हात चार-चार किलोमीटर लांब असतील. हा कान काहीही बाहेर सोडत नाही, फक्त ऐकतो."

शेवटचे वाक्य मुद्दाम पहिल्याच दृश्यात घातले आहे. पिकांबद्दलच्या शंकेचे उत्तर त्यात आहे. यंत्रात लेसरचा प्रकाश असतो, पण तो पोलादी नळ्यांच्या आत, निर्वात पोकळीत फिरतो. तेथून आकाशात वा शेतात काही पाठवले जात नाही.

दृश्य २ (१५ सेकंद)

चित्र : काळ्या कागदावर दोन काळी बटणे, कडेला खडूची रेघ. ती एकमेकांभोवती फिरतात, जवळ येतात, एक होतात. मग दुसरे चित्र : कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ज्वारीचे बारा दाणे. वर्तुळ उभे लांबट होते, पुन्हा गोल, मग आडवे लांबट, पुन्हा गोल.

निवेदन : "दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एक झाली. त्या हालचालीने अवकाशच ताणले आणि आकसले. ती लहर पडद्यातून आरपार, आपल्या दिशेने येते आहे, असे समजा. पाहा, दाणे काय करतात."

'आपल्या दिशेने' हे शब्द गाळू नका. मुलांनी प्रथम डावीकडून उजवीकडे येणारा बाण काढला होता आणि त्याच कागदावर वर्तुळ दोन्ही दिशांनी ताणले होते. हे चूक आहे. गुरुत्वीय लहर जिकडे जाते त्या दिशेला ताण देत नाही, तिला काटकोनात असलेल्या प्रतलात देते. एका दिशेला ताणते तेव्हा तिच्या काटकोनातल्या दिशेला आकसवते. म्हणून वर्तुळ कागदावर असेल तर लहर कागदाला लंब असली पाहिजे.

वर्तुळाच्या १३ स्थिती मांडून छायाचित्रे घ्यायची. सातवी स्थिती म्हणजे गोल वर्तुळ. तेराव्या स्थितीत वरचा दाणा मध्यापासून १२ सेंटिमीटर आणि उजवा ८ सेंटिमीटर असतो, तर पहिल्या स्थितीत नेमके उलट असते. मधल्या स्थिती सारख्या अंतराने, म्हणजे एक-तृतीयांश सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी घ्यायच्या. या तेरा छायाचित्रांवरच पुढचे चौथे दृश्यही उभे आहे.

दृश्य ३ (२० सेकंद)

चित्र : काटकोनाच्या कोपऱ्यात तिरका अर्धपारदर्शक आरसा, दोन्ही हातांच्या टोकांना दोन आरसे. एक लाल बाण येतो, दोन होतो, दोन्ही बाण टोकांवरून परततात. मग जवळून : पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांवर नागमोडी रेघ. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर. शेजारचा दिवा काळा. एक पट्टी सरकते, उंचवट्यावर उंचवटा येतो, दिवा पिवळा.

निवेदन : "प्रकाशाचे दोन भाग झाले, दोन हातांतून जाऊन परत आले. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसला, तर अंधार. एक हात किंचित लांब झाला, की लहरी सरकतात आणि अंधारात उजेड दिसतो. हा उजेड म्हणजे आपली बातमी."

हे व्यतिकरण आहे आणि यंत्राचे सारे काम त्यावर चालते. इथेच आमच्या मुलांचा चित्रपट एकदा फसला. त्यांनी पट्टीवरच्या लहरीची लांबी, म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर, ८ सेंटिमीटर घेतले. अर्धी लांबी सरकली की उजेड, म्हणजे ४ सेंटिमीटर, इथवर बरोबर. पण वर्तुळाच्या तेराव्या स्थितीत वरचा हात २ सेंटिमीटर वाढतो आणि उजवा २ सेंटिमीटर घटतो. दोघांतला फरक ४ सेंटिमीटर झाला. प्रकाश प्रत्येक हातातून जातो आणि परत येतो, म्हणून मार्गांतला फरक त्याच्या दुप्पट, ८ सेंटिमीटर झाला. ही तर पूर्ण एक लहर! म्हणजे ताण सर्वांत जास्त असताना पुन्हा अंधार व्हायला हवा, आणि मुलांनी तिथे दिवा सर्वांत पिवळा रंगवला होता.

चूक एका मुलीने पट्ट्या हातात धरून शोधली. उपाय सोपा आहे : पट्टीवरची लहर १६ सेंटिमीटरची काढावी. मग ८ सेंटिमीटरचा फरक म्हणजे अर्धी लहर, आणि टोकाला उजेड बरोबर येतो. 'जाऊन-येऊन दुप्पट' ही गोष्ट विसरली जाते, तेव्हा वर्गात ती स्वतंत्रपणे करून घ्यावी.

दृश्य ४ (१५ सेकंद)

चित्र : दाण्यांचे वर्तुळ, त्याच्या मध्यात काटकोनाचा कोपरा, वरचा आणि उजवा दाणा म्हणजे टोकांचे आरसे. वर्तुळ सुरुवातीला सावकाश, मग वेगाने ताणते-आकसते. शेजारचा दिवा सातव्या स्थितीत काळा, पहिल्या आणि तेराव्या स्थितीत पिवळा. कोपऱ्यात चिठ्ठी : 'वेग ७५ पट कमी केला आहे. ताण प्रचंड वाढवून दाखवला आहे.'

निवेदन : "१४ सप्टेंबर २०१५. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना पहिली लहर सापडली. ती निघाली तेव्हापासून सुमारे एकशेतीस कोटी वर्षे वाटेत होती. पोचल्यावर दिसली एका सेकंदाचा पाचवा भाग."

चिठ्ठीवरचा '७५ पट' कुठून आला? त्या दिवशीच्या लहरीची नोंद अशी आहे : ०.२ सेकंदात सुमारे आठ आवर्तने, सुरुवातीला सेकंदाला ३५ या वेगाने, आणि सर्वांत जोर असताना सेकंदाला १५० या वेगाने. आपला चित्रपट सेकंदाला बाराच चित्रे दाखवतो. मूळ वेगाने दाखवायचे म्हटले तर आठ आवर्तनांच्या वाट्याला दोन-अडीच चित्रे येतील! काहीच दिसणार नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चित्रपटात धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात तसे खोटेच काही दिसेल.

मुलांनी आधी सोपा हिशेब केला : प्रत्येक आवर्तनाला आठ चित्रे, आठ आवर्तनांना ६४ चित्रे, म्हणजे सुमारे सव्वापाच सेकंद. पण त्यामुळे सर्व आवर्तने सारख्याच वेळाची झाली आणि लहरीची खूण असलेली गोष्ट, म्हणजे कृष्णविवरे जवळ येताना वाढत जाणारा वेग, तीच नाहीशी झाली. वेग सगळीकडे एकाच पटीने कमी केला पाहिजे. मग विचार शेवटच्या, सर्वांत जलद आवर्तनापासून सुरू करावा लागतो. त्याला निदान सहा चित्रे हवीत, म्हणजे ते पडद्यावर अर्धा सेकंद चालेल, अर्थात सेकंदाला दोन आवर्तने. खरा वेग सेकंदाला १५०. भागाकार ७५. याच पटीने ०.२ सेकंदाचे १५ सेकंद होतात, आणि पहिल्या आवर्तनाला पंचवीसच्या आसपास चित्रे मिळतात.

आता तेरा छायाचित्रे फक्त क्रमाने लावायची. शेवटच्या आवर्तनाचा क्रम : १३, १०, ४, १, ४, १०. पहिल्या आवर्तनासाठी सोयीने २४ चित्रे घेतली तर क्रम असा : १३, १३, १२, ११, १०, ९, ७, ५, ४, ३, २, १, १, १, २, ३, ४, ५, ७, ९, १०, ११, १२, १३. टोकाशी चित्रे दाटीने आणि मध्यावर विरळ आहेत, हे पाहा. झोपाळाही टोकाशी रेंगाळतो आणि मध्यातून झपकन जातो. एक, दोन, तीन असे सरळ क्रमाने चित्रे लावली की हालचाल करवतीसारखी खडबडीत दिसते. मधल्या आवर्तनांची चित्रे २४ वरून ६ पर्यंत उतरवत न्यावीत. मात्र ती एकदम उतरत नाहीत. बहुतेक आवर्तने सावकाश असतात आणि वेग शेवटी शेवटी झपाट्याने वाढतो.

चिठ्ठीचे दुसरे वाक्य ताणाबद्दल आहे. खऱ्या लहरीत लांबीतला बदल लांबीच्या एक-भागिले-एकावर-एकवीस-शून्ये एवढा असतो. चार किलोमीटरच्या हातात हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका येतो. मुलांना प्रोटॉनपेक्षा दुसरी तुलना पटली : सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, आणि तेवढ्या अंतरात होणारा बदल माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. आपण मात्र १० सेंटिमीटरच्या हातात २ सेंटिमीटर बदल दाखवला. हे वाढवणे एकावर वीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येच्याही काही पट आहे. असे वाढवण्यात गैर काही नाही, कारण त्याशिवाय दिसणारच नाही. पण ते लिहिले नाही, तर पाहणाऱ्याला वाटते की लहर आली की जमीन आणि घरे रबरासारखी हलतात. गावात चित्रपट दाखवायचा असेल तेव्हा हा गैरसमज फार महाग पडतो.

दिव्याबाबतही तेच. खऱ्या यंत्रात अंधाराचा एकदम लख्ख उजेड होत नाही. उजेडात अत्यंत सूक्ष्म फरक पडतो. तो पकडता यावा म्हणून प्रकाश प्रत्येक हातात सुमारे ३०० वेळा इकडून तिकडे फिरवतात. त्यामुळे चार किलोमीटरचा हात बाराशे किलोमीटरचा असल्यासारखा वागतो.

वरच्या वर्गातले एखादे हुशार मूल इथे हमखास विचारते : अवकाश ताणले तर त्यातली प्रकाशाची लहरही ताणेल, मग मोजपट्टीच बदलली, फरक कळेल कसा? उत्तर असे की, हातात प्रकाश सतत नव्याने येत असतो आणि लेसर आपल्या ठरलेल्या ठेक्यानेच उंचवटे पाठवतो. लांब झालेल्या हातातून परतणारे उंचवटे उशिरा पोचतात, आखूड हातातून लवकर. आपण खरे तर या पोचण्याच्या वेळांतला फरक पाहतो.

दृश्य ५ (२० सेकंद)

चित्र : प्रथम खरे चित्रण : मीटरभर दोरीला टांगलेले कुलूप. हात भराभर हलतो, कुलूप जवळजवळ स्थिर. मग ॲनिमेशन : पृथ्वीचा गोल, त्यावर हिंगोलीची आणि अमेरिकेतली एक पणती. ट्रॅक्टर जातो, फक्त हिंगोलीची पणती थरथरते. मग लहर येते, आधी एक आणि लगेच दुसरी पणती सारख्याच ठेक्याने थरथरते.

निवेदन : "ट्रॅक्टरने जमीन थरथरते. म्हणून आरसे असे टांगलेले असतात. तरी थोडी थरथर पोचलीच, तर? ट्रॅक्टर फक्त इथे जाणवतो. आकाशातली लहर सगळ्या वेधशाळांना जाणवते, तीही एका सेकंदाच्या छोट्याशा भागात."

पहिल्या मुलाच्या प्रश्नाचे हे उत्तर. कुलपाचा प्रयोग ॲनिमेशनने करू नये, खराच चित्रित करावा. खोटे कुलूप हवे तसे वागवता येते, त्यामुळे ते काही सिद्ध करत नाही. मीटरभर दोरीचे कुलूप एका झोक्याला सुमारे दोन सेकंद घेते. हात सेकंदाला तीन-चार वेळा हलवला तर कुलूप जागचे हलत नाही. हात अगदी सावकाश हलवला तर ते हाताबरोबर जाते. आणि नेमका दोन-दोन सेकंदांच्या ठेक्याने हलवला तर हाताहून कितीतरी जास्त झुलते. तिन्ही गोष्टी मुलांना करून पाहू द्याव्यात, कारण टांगण्याची मर्यादाही त्यातच दिसते. लायगोचे ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांत टांगलेले असतात. सावकाश हेलकाव्यांसाठी मात्र तेवढ्याने भागत नाही; जमीन हलेल तशी तिची भरपाई करणारी वेगळी यंत्रणा खाली बसवावी लागते. म्हणजे थरथर यंत्राला त्रासदायक असते हे खरे, आणि म्हणूनच जागा शांत निवडतात. पण एखाद्या ट्रॅक्टरला 'लहर' समजण्याची चूक यंत्र करत नाही.

पणत्यांमधला वेळ मनाने ठरवू नये. २०१५ ची लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. या दोन वेधशाळांमध्ये सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे आणि प्रकाशाला ते कापायला १० मिलिसेकंद लागतात. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्याच वेगाने येते, म्हणून दोन नोंदींत १० मिलिसेकंदांहून जास्त अंतर असेल तर ती एकाच लहरीची असू शकत नाहीत. हिंगोलीहून पृथ्वीच्या पोटातून सरळ रेघ काढली तर ही दोन ठिकाणे साडेदहा ते साडेअकरा हजार किलोमीटरांवर येतात, म्हणजे ही मर्यादा ३५ ते ३८ मिलिसेकंद होते. चित्रपटात ७५ पट वेग कमी केला आहेच. तेव्हा ३५ मिलिसेकंदांचे सुमारे अडीच सेकंद, अर्थात ३१ चित्रे. लहर कुठल्या बाजूने येते त्यावर प्रत्यक्ष अंतर शून्यापासून इथवर काहीही असू शकेल.

हिंगोली का, याचेही उत्तर येथेच सापडते. दोन वेधशाळांच्या वेळेतल्या फरकावरून लहर आकाशातल्या एका कड्यावरून कुठूनतरी आली, एवढेच कळते. इटलीतली व्हर्गो आणि जपानमधली काग्रा यांच्याबरोबर आणखी एक दूरची वेधशाळा आली की ही कडी एकमेकांना छेदतात आणि जागा नेमकी होत जाते. वेधशाळा जितक्या दूर, तितका वेळेतला फरक मोठा आणि मोजायला सोपा.

दृश्य ६ (१० सेकंद)

चित्र : ज्वारीचे दाणे पुन्हा गोल वर्तुळात. दिवा काळा. पाटीवर खडूने अक्षरे उमटतात : 'आपण दाखवले : हात लांब-आखूड झाला. खरे : तो बदल प्रोटॉनहून लहान. आपण दाखवले : पंधरा सेकंद. खरे : सेकंदाचा पाचवा भाग.'

निवेदन : "आम्ही दोन गोष्टी वाढवून दाखवल्या. त्या या पाटीवर लिहिल्या आहेत. बाकीचे जसे आहे तसे."

ही पाटी मुलांच्या आग्रहाने आली. शाळेच्या मैदानात चादरीवर चित्रपट दाखवला तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने नेमके पाटीवरच बोट ठेवून विचारले, "एवढा बारीक बदल आहे, तर तो खरा कशावरून?" मुलांनी पाचवे दृश्य पुन्हा लावले आणि दोन पणत्या दाखवल्या. ट्रॅक्टरचा प्रश्न विचारणारा मुलगा पुढे होऊन म्हणाला, "आजोबा, एकाच वेळी इथला आणि अमेरिकेतला ट्रॅक्टर सारख्याच ठेक्यानं कसा थरथरेल?"

आम्ही मागे बसून ऐकत होतो. आम्हाला बोलावे लागले नाही.